बर्फ शून्यावर, पाणीही शून्यावर, मग पन्हं गार कुणामुळे होतं?

वहिनींच्या नव्या घराची वास्तुशांत मे महिन्यात निघाली. जुळे सोलापुरातलं घर, वर मोकळी गच्ची, गच्चीवर पाण्याची काळी टाकी. मे महिन्यात दुपारी त्या टाकीच्या नळाखाली हात धरला की तो आपोआप मागे येतो. साठ माणसांचं पन्हं करायचं होतं आणि वहिनींनी आधीच जाहीर केलं होतं, "बाजारातला बर्फ आणायचा नाही हं भाऊजी. कुठल्या पाण्याचा असतो कोण जाणे. फ्रीजमध्ये बाटल्या भरून ठेवू, गार पाणी घालू, झालं."

मी म्हटलं, फ्रीजच्या पाण्यानं पन्हं गार होणार नाही, बर्फच लागेल. हवा तर घरी करू. तेव्हा दहावीला बसणारी पुतणी ईशा मध्येच म्हणाली, "पण काका, बर्फ पण शून्य अंशावर वितळतो आणि त्याचं पाणी पण शून्यावर असतं. म्हणजे शून्य अंशाचं पाणी घातलं काय आणि शून्य अंशाचा बर्फ घातला काय, फरक काय पडणार?"

प्रश्न रास्त होता. तापमापी दोन्हींवर तोच आकडा दाखवते. "बर्फ जास्त गार असतो" हे उत्तर इथे चालत नाही, कारण तो जास्त गार नाहीच. म्हणून रात्रीची जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर दोन स्टीलचे पेले मांडले. मोजायला वजनकाटा होता, आणि वहिनींची केकसाठी आणलेली तापमापी.

दोन्ही पेल्यांत 200-200 ग्रॅम साधं पाणी. त्याचं तापमान 35 अंश भरलं, रात्री साडेनऊला! एका पेल्यात शून्य अंशाचं 50 ग्रॅम पाणी घालायचं होतं. असं पाणी मिळवायला एका वाडग्यात भरपूर बर्फ आणि थोडं पाणी घेऊन पाचसहा मिनिटं ढवळत राहायचं. तापमापी शून्याशी जाऊन थांबली की चहाच्या गाळणीतून पाणी गाळून लगेच वापरायचं. दुसऱ्या पेल्यात 50 ग्रॅम बर्फ. तोही शून्याचाच हवा, म्हणून फ्रीजरमधून काढलेले खडे फोडून बारीक केले आणि ताटलीत ठेवून दिले. खडे ओले होऊन निथळायला लागले, म्हणजे ते शून्यावर आले. मोठ्या खड्याचं पोट बराच वेळ त्याहून गार राहतं, म्हणून बारीक करायचे.

दोन्ही पेले सारखेच ढवळले. गार पाणी घातलेला पेला 28.5 अंशांवर थांबला. बर्फ घातलेला, सगळा बर्फ विरघळल्यावर, 14.5 वर. वजन तेच, सुरुवातीचं तापमान तेच, आणि शेवटी दोन्ही पेल्यांत दिसायला नुसतं पाणीच. तरी चौदा अंशांचा फरक.

आता हिशेब. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते तिला एक कॅलरी म्हणतात. (बिस्किटाच्या पुड्यावरची कॅलरी याच्या हजारपट मोठी असते, ती इथे नको.) पहिल्या पेल्यात काय झालं ते सोपं आहे. शून्य अंशाचं पाणी कोमट पाण्यात पडलं. ते तापत गेलं, कोमट पाणी निवत गेलं, आणि दोघं मध्ये कुठेतरी भेटली. गार पाण्याचा प्रत्येक ग्रॅम वर चढताना एका अंशाला एकच कॅलरी घेऊ शकतो, आणि एकदा दोघांचं तापमान सारखं झालं की व्यवहार संपला. म्हणजे 28.5 अंशांपर्यंत चढलेल्या त्या पाण्यानं ग्रॅममागे जेमतेम 28.5 कॅलऱ्या घेतल्या.

दुसऱ्या पेल्यात बर्फ आधी वितळला. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच एक ग्रॅम पाणी व्हायला सुमारे 80 कॅलऱ्या लागतात, आणि त्या सगळ्या भोवतीच्या पाण्यातून जातात. तेवढ्या घेऊनही ते नवं पाणी अजून शून्यावरच उभं असतं. त्यानंतर ते तापायला लागतं, आणि इथून पुढे ते पहिल्या पेल्यातल्या गार पाण्यासारखंच वागतं. बर्फाचं काम म्हणजे गार पाण्याचं काम आणि वर ग्रॅममागे 80 कॅलऱ्या.

80 हा आकडा किती मोठा आहे ते दुसऱ्या बाजूनं पाहू. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात तेच एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. चहाचं आधण जवळजवळ झालंच की.

शाळेच्या पुस्तकात याला वितळणाचा अप्रकट उष्मा म्हणतात. ईशाला ती व्याख्या पाठ होती. तिचं घोडं दुसरीकडेच अडलं होतं. एवढी उष्णता आत गेली आणि तापमापी हलली नाही, मग ती गेली कुठे?

तापमान म्हणजे कणांची धावपळ किती आहे त्याचं माप. बर्फात पाण्याचा प्रत्येक कण चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि सगळ्यांची मिळून एक ताठ जाळी झालेली असते. उष्णता यायला लागली की कण जागच्या जागी थरथरतात, पण शून्याला पोचल्यावर येणारी उष्णता धावपळ वाढवत नाही. ती ही धरलेली पकड सोडवण्यात खर्च होते. आमच्याकडच्या चादरीचा विणलेला पट्टा उसवायला घ्या. तासभर बोटं झिजतात, आणि शेवटी हातात सूत येतं ते पहिल्याच जाडीचं, पहिल्याच रंगाचं. मेहनत सुताच्या अंगावर कुठे दिसत नाही, ती वीण सोडवण्यात गेली. बर्फातून सुटलेला कणही असाच, पूर्वीच्याच वेगाचा, फक्त आता मोकळा. वीण पुरती सुटली की मगच पुढची उष्णता वेग वाढवायला लागते आणि तापमापी हलते.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते जोसेफ ब्लॅक नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकानं, 1761 च्या हिवाळ्यात, ग्लासगोला. तोवर समज असा होता की बर्फ वितळण्याच्या तापमानाला आला की पुढे किंचित उष्णता पुरते आणि सगळा एकदम पाणी होतो. ब्लॅकचं म्हणणं, तसं असतं तर वसंतात डोंगरावरचा सगळा बर्फ थोड्या वेळात वितळून खालची गावं वाहून गेली असती. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. सोलापुरात डोंगरही नाहीत आणि बर्फही नाही, पण अवकाळीत गारा पडतात तेव्हा बांधाच्या सावलीला पडलेला त्यांचा ढीग ऊन परत आल्यावरही बराच वेळ राहतो, तो याच कारणानं.

त्याचा प्रयोग आमच्या ओट्यावरच्याइतकाच साधा होता. काचेचे दोन सारखे गोल चंबू, दोन्हींत सारखंच पाणी. एकातलं गोठवलं, दुसऱ्यातलं गोठायच्या जेमतेम वर, 33 अंश फॅरनहाइटला ठेवलं. दोन्ही एका मोठ्या रिकाम्या दालनात टांगले. दालनाचं तापमान 47 होतं. पाण्याचा चंबू अर्ध्या तासात 40 ला पोचला, म्हणजे सात अंश चढला. बर्फाच्या चंबूला वितळून त्याच 40 ला यायला साडेदहा तास लागले. म्हणजे एकवीस अर्धे तास. दालन दोघांना सारखीच ऊब देत होतं असं धरलं तर बर्फात एकवीस गुणिले सात, 147 अंशांइतकी उष्णता गेली. त्यातले आठ अंश 32 वरून 40 वर तापण्यात दिसले. उरलेले सुमारे 140 तापमापीवर कधी उमटलेच नाहीत. आपल्या मापात ते ग्रॅममागे साधारण 77 कॅलऱ्या होतात. आजचा नेमका आकडा 79.7 आहे. दोन टांगलेले चंबू आणि घड्याळ एवढ्यावर माणूस इतका जवळ गेला, याचं मला दर वेळी शिकवताना नव्यानं अप्रूप वाटतं.

आमचा आकडा मात्र इतका जवळ आला नव्हता. ईशानं हिशेब केला: 200 ग्रॅम पाणी 35 वरून 14.5 वर आलं, म्हणजे त्यानं 4100 कॅलऱ्या दिल्या. त्यातल्या 725 वितळलेल्या 50 ग्रॅम पाण्याला शून्यावरून 14.5 वर आणण्यात गेल्या. राहिल्या 3375, भागिले 50. उत्तर साडेसदुसष्ट. "पुस्तकात 80 आहे," ती म्हणाली, "आपलं चुकलं." मुलं इथेच वही मिटतात. खरं तर गंमत इथून सुरू होते, कारण ही चूक कुठे आहे ते शोधता येतं.

पहिली चूक पेल्याची. पाण्याबरोबर पेलाही निवला, आणि त्यानंही उष्णता दिली. आमचा पेला 120 ग्रॅमचा होता. स्टीलला एका ग्रॅममागे एका अंशाला पाण्याच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकीच उष्णता लागते, म्हणून तो पेला 14 ग्रॅम जास्तीच्या पाण्यासारखा धरायचा. एवढं घेतल्यावर उत्तर 73 वर आलं.

दुसरी चूक बर्फाच्या अंगावरच्या पाण्याची, आणि प्यायच्या दृष्टीनं हीच महत्त्वाची. आम्ही निथळणारे खडे तसेच वजन करून टाकले होते. त्या 50 ग्रॅममध्ये तीनचार ग्रॅम पाणीच होतं, आधीच वितळलेलं. त्या पाण्याच्या 80 कॅलऱ्या ताटलीनं आणि हवेनं खाल्ल्या होत्या, पन्ह्याच्या वाट्याला त्या यायच्या नव्हत्या. पुन्हा प्रयोग केला, खडे कोरड्या पंच्यात दाबून टिपून घेतले आणि लगेच टाकले. पेला 13.5 वर गेला आणि हिशेब 79 च्या जरा आतच थांबला. बादलीत पाण्यात तरंगणारा बर्फ काढून सरबतात टाकतात तेव्हा नेमकं हेच होतं. वजन बर्फाचं, काम त्याहून कमी, आणि पाणी मात्र पुरतं मिसळतं. बर्फ गाळणीत किंवा चाळणीत ठेवला, खाली पाणी निथळू दिलं, तर तेवढ्याच बर्फात पेय जास्त गार आणि कमी पांचट होतं.

ईशाला मग फ्रीजर आठवला. तिथे तर उणे 18 असतं, त्यानं किती फरक पडतो? वाटतो त्याच्या मानानं थोडा. बर्फ तापायला पाण्याच्या निम्मीच उष्णता घेतो, म्हणून उणे 18 वरून शून्यावर येताना ग्रॅममागे नऊ कॅलऱ्या. वितळण्याच्या 80 पुढे त्या नऊ. हल्ली स्टीलचे चौकोनी खडे मिळतात, फ्रीजरमध्ये ठेवून पेयात टाकायचे, म्हणजे पाणी मिसळत नाही म्हणे. असे 50 ग्रॅमचे भरीव खडे उणे 18 वर नेऊन आपल्या 200 ग्रॅम पाण्यात टाकले तर ते 35 वरून 33.5 वर येईल. दीड अंश! स्टील वितळत नाही, त्यामुळे त्याच्याकडे 80 ची शिदोरीच नाही. गारपणा हाताला कितीही झोंबला तरी मोजायची गोष्ट वेगळी आहे.

आता पन्ह्याकडे. आधी वहिनींचा बेत तपासू. साठ माणसांना 200 मिलीलीटरप्रमाणे 12 लीटर पन्हं. दुपारी ते 34 अंशांवर असणार, आणि पिताना बरं वाटेल असं 12 वर आणायचं, म्हणजे 22 अंश उतरवायचे. एकूण 2,64,000 कॅलऱ्या काढायच्या. फ्रीजमधलं पाणी 7 अंशांचं धरलं तर ते 12 पर्यंतच चढणार, म्हणजे ग्रॅमला पाच कॅलऱ्या नेणार. लागेल किती? जवळजवळ 53 लीटर. बारा लीटर पन्ह्यात त्रेपन्न लीटर पाणी. वहिनी म्हणाल्या, "मग त्याला पन्हं कशाला म्हणायचं, नळालाच तोंड लावा."

बर्फ घेतला तर एक ग्रॅम वितळताना 80 आणि 12 पर्यंत चढताना 12, मिळून 92 कॅलऱ्या नेतो. पाचाच्या जागी ब्याण्णव. शिवाय वितळलेल्या बर्फाचं पाणी पन्ह्यातच राहणार आहे, तर ते आधीच हिशेबात धरता येतं. म्हणजे पन्हं पूर्ण 12 लीटर करायचंच नाही. साधारण 9.7 लीटर करायचं, पण गूळ, कैरी, वेलदोडा, मीठ सगळं 12 लीटरचं घालून घट्ट. त्यात 2.3 किलो बर्फ वितळला की 12 लीटर होतं आणि तापमान 12 वर येतं. पन्हं पांचट होतं ते बर्फामुळे नाही, चवीचं पन्हं आधीच तयार करून मग बर्फ घालतो म्हणून होतं.

पातेलं आणि बाहेरची हवा यांच्यासाठी थोडा जास्त, म्हणून तीन किलो बर्फ धरला. पिण्याच्या पाण्याचा, स्टीलच्या डब्यांत, आमच्या आणि शेजारच्या फ्रीजरमध्ये, दोन रात्री.

एक गोष्ट हिशेबात दिसत नाही, ती पातेल्यात दिसते. साध्या पाण्यात वर तरंगणारा बर्फ आपलं काम स्वतःच करतो, कारण त्याच्याजवळ निवलेलं पाणी जड होऊन खाली जातं आणि कोमट पाणी वर येतं. चार अंशांपर्यंत हे चालू राहतं, कारण पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. पण पन्ह्यात गूळ आहे. बर्फातून सुटणारं पाणी गोड पन्ह्यापेक्षा हलकं, म्हणून ते गार असूनही वरच थांबतं. मग पहिल्या माणसाच्या पेल्यात गार आणि पांचट येतं, शेवटच्याच्या पेल्यात कोमट आणि मिट्ट गोड. पेल्यातल्या लिंबू सरबतातही चमचा न फिरवता पहिला घोट घेऊन पाहा. यावर उपाय ढवळण्याचा, आणि तळापासून ढवळण्याचा. बर्फ बारीक केला तर त्याच्या अंगाचा जास्त भाग पन्ह्याला लागतो आणि काम लवकर होतं, पण एकूण उष्णता तेवढीच काढली जाते. पाहुणे दारात आले असतील तर फोडा, वेळ असेल तर मोठे खडे बरे, ते वाटेत हवेला कमी बळी पडतात.

कार्याच्या दिवशी अकराला पातेल्यात 2.3 किलो बर्फ गेला, पळी तळापर्यंत फिरत राहिली. ईशा तापमापी घेऊन उभीच होती. बर्फ पुरता विरघळला तेव्हा आकडा 13 होता. हवेचा आणि पातेल्याचा वाटा म्हणून मी एक अंश सोडायला तयार होतो, ती नव्हती. पुढे आकडा हळूहळू चढत गेला आणि साडेबाराला 16 झाला, कारण आता आत येणाऱ्या उष्णतेला वितळवायला काही उरलं नव्हतं, ती सरळ तापमान वाढवत होती. राखून ठेवलेला 700 ग्रॅम बर्फ, टिपून कोरडा केलेला, तेव्हा आत गेला. तो विरघळेपर्यंत तापमान पुन्हा उतरलं आणि पंगत उठेपर्यंत पन्हं गारच राहिलं.

बाहेरची ऊब अडवायला पातेल्यावर ताट झाकलं होतं आणि भोवती एक जाड सोलापुरी चादर गुंडाळली होती. अक्कलकोटहून आलेल्या मावशी ते बघून म्हणाल्या, "अगं, मे महिन्यात याला थंडी वाजतीय का?"